चौदाव्या प्रश्नाची उजळणी

मला कॉम्प्युटर येतो हे शाळेत कळलं त्या दिवसाला मी आजपर्यंत शिव्या देत आले आहे. त्याआधी मी फक्त गणित शिकवायची. त्यानंतर मी गणितही शिकवते आणि बाकीच्यांची कामंही करते. आमचे मुख्याध्यापक आण्णासाहेब यांचा माझ्याबद्दल असा समज आहे की शिवलीलाबाईंनी बटण दाबलं की काम आपोआप होतं. बटण दाबणारीला दोन मुलं आहेत आणि परंड्याहून खैरपिंपळ्याला रोज जीपमध्ये अंग चोरून यावं लागतं, हे त्यांना माहीत नसावं. माहीत असेल तर मग राग दुप्पट आहे.

डिसेंबरात आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या, सगळ्या शाळांची सहावीची नागरिकशास्त्राची एकच चाचणी झाली. पेपर केंद्रातून आला, उत्तरसूचीही केंद्रातून आली. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, विषय आपलं स्थानिक शासन. आमच्या दोन तुकड्या मिळून अठ्ठेचाळीस पोरं बसली. निकाल म्हणावा तर बरा लागला नाही आणि म्हणावा तर लाज वाटण्यासारखाही नाही. आण्णासाहेबांनी मार्कांची उतरंड लावली, शेवटच्या तेरा पोरांच्या नावांच्या वर लाल रेघ ओढली आणि म्हणाले, "या तेराजणांचा सकाळी जादा तास. सगळ्या विसांची उजळणी. झालं."

मी म्हटलं, "सर, पहिल्या आलेल्यांनीही काही प्रश्न चुकवलेत. त्यांचं काय?"

हे बोलायची काय गरज होती, असं मी स्वतःला नंतर पुष्कळ वेळा विचारलं.

"मग तुम्हीच करा की प्रश्नांचं विश्लेषण," आण्णासाहेब म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी आपल्याच शाळेत शिक्षण परिषद आहे. केंद्रप्रमुख येणार, विस्तार अधिकारी येणार. त्यात मांडू. आणि जो प्रश्न सगळ्यांत जास्त चुकला असेल त्यावर बब्रुवान सर नमुना पाठ घेतील."

बब्रुवान सर म्हणजे आमचे इतिहास-नागरिकशास्त्राचे सर. चौतीस वर्षं नोकरी झाली, येत्या मे महिन्यात निवृत्ती. शाळेत सगळ्यांत सीनियर आणि सगळ्यांत तापट, माझा नंबर त्यांच्या खालोखाल. ते पुस्तक उघडत नाहीत. "पुस्तक मिटा, माझ्याकडं बघा," म्हणतात आणि तासभर बोलतात, मग शेवटची दहा मिनिटं टिपण सांगतात. पोरं ते टिपण पाठ करतात. खैरपिंपळ्यात त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता बाप झाली आहेत, आणि अजून रस्त्यात सर दिसले की गाडीवरून उतरतात. सरांना दुसरं काही नको होतं. निरोप समारंभाला गाव जमावं आणि कुणी आपल्याबद्दल वाकडं बोलू नये, एवढंच. ते त्यांनी मला जीपमध्ये चारदा तरी सांगितलं असेल. नमुना पाठ हा त्यांचा शेवटचा मोठा पाठ होता आणि त्यासाठी त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकला होता.

तर मी तक्ता केला. डाव्या बाजूला पोरांची नावं, मार्कांच्या क्रमानं. वर प्रश्नांचे नंबर. बरोबर असेल तिथं एक, चूक असेल तिथं शून्य. एवढंच करायचं असतं, पण अठ्ठेचाळीस गुणिले वीस करून बघा म्हणजे कळेल. नवऱ्यानं दोन संध्याकाळी भात लावला, त्याबद्दल त्याचा मी इथं उल्लेख करते कारण तो दुसरीकडं कुणी करणार नाही.

मग प्रत्येक प्रश्नाचं काठिण्यमूल्य काढलं. म्हणजे शंभरातल्या कितीजणांना तो प्रश्न आला. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला माझा नमस्कार, कारण हा आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा असतो. मतदानाचं वय किती, हा प्रश्न सत्तेचाळीसजणांना आला. एकानं एकवीस लिहिलं. त्याच्या भावाचं लग्न एकवीस पूर्ण व्हायची वाट बघत अडलंय, त्यामुळं त्या घरात तोच आकडा चालतो. या प्रश्नाची उजळणी करण्यात अर्थ नाही.

सगळ्यांत जास्त चुकलेले प्रश्न तीन निघाले. सतरावा होता, ग्रामसभेचा अध्यक्ष कोण. निम्म्यांहून जास्त पोरांनी ग्रामसेवक लिहिलं. चुकीची उत्तरं अशी एकाच पर्यायावर गोळा झाली की समजावं, पोरांनी अंदाज मारलेला नाही, त्यांच्या डोक्यात काहीतरी पक्कं बसलंय. आणि बसणारच. आमच्या ग्रामसभेत बोलतो तो ग्रामसेवक, लिहितो तो ग्रामसेवक आणि चहा सांगतो तोही ग्रामसेवकच. तिथं उजळणीत एवढंच सांगायचं, की बोलणारा वेगळा आणि अध्यक्ष, म्हणजे सरपंच, वेगळा.

नववा होता पंचायत समितीच्या कामकाजाचा, गटविकास अधिकारी कोण आणि सभापती कोण. अठ्ठेचाळीसात पंधराजणांना आला. इथं मी दुसरी गोष्ट बघितली. वरची तेरा पोरं घेतली आणि खालची तेरा. वरच्या तेरात नऊजणांना आला होता, खालच्या तेरात दोघांना. प्रश्न असाच असावा लागतो. अवघड, पण अभ्यास करणाऱ्याला येणारा. वरच्यांतून खालचे वजा केले आणि तेरानं भागलं की भेदनमूल्य येतं, ते आलं अधिक शून्य पूर्णांक चोपन्न. फार चांगला प्रश्न. सगळ्या वर्गाला परत शिकवावा असा.

आणि मग चौदावा.

सरपंचाची निवड कोण करतं? गावातले मतदार, ग्रामपंचायतीचे सदस्य, तहसीलदार की पंचायत समितीचे सभापती. उत्तरसूचीत मतदार. आला फक्त बाराजणांना, म्हणजे चारात एकाला. वीस प्रश्नांत सगळ्यांत वाईट. नमुना पाठाला हाच प्रश्न लागणार होता. मी वरची तेरा बघितली. एकाला आला होता. खालची तेरा बघितली. आठजणांना आला होता.

मला वाटलं मी तक्ता उलटा लावला. परत लावला. मग हातानं मोजलं, कारण कॉम्प्युटरवर माझा विश्वास आण्णासाहेबांइतका नाही. एकातून आठ गेले, उणे सात. भागिले तेरा. उणे शून्य पूर्णांक चोपन्न. नवव्या प्रश्नाइतकाच, फक्त उणे.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एखादा प्रश्न हुशार पोरांना चुकतो आणि कच्च्या पोरांना येतो, असं होऊच नये. झालं तर तीनच कारणं असतात. उत्तरसूची चुकली, नाहीतर प्रश्न गोंधळाचा आहे, नाहीतर शिकवण्यात काही चुकलं. उत्तरसूची चुकली नव्हती. मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीला मी स्वतः तिकडं आनाळ्याच्या बाजूला मतदान केंद्रावर ड्यूटी केलीय. सदस्यांचं बटण वेगळं, सरपंचाचं वेगळं. म्हाताऱ्या बायांना दोन्हीकडं दाबायचंय हे सांगून सांगून माझा घसा बसला होता. प्रश्नही सरळ होता. वरच्या तेरातल्या चुकलेल्या बाराजणांनी, एकूण एक बाराजणांनी, सदस्य लिहिलं होतं. खालच्यांतल्या चुकलेल्या पाचजणांनी मात्र वाटेल ते लिहिलं होतं, एकानं तहसीलदारसुद्धा.

म्हणजे ज्यांनी सरांचं ऐकलं ते चुकले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मी तक्ता घेऊन बब्रुवान सरांपुढं बसले. सर खूश झाले.

"मला माहीतच होतं चौदावा निघणार," ते म्हणाले. "उत्तरसूची चुकलीय. मी आण्णासाहेबांकडं अर्जसुद्धा दिलाय, प्रश्न रद्द करा म्हणून. ते दाबून बसलेत. बसू दे. शुक्रवारी केंद्रप्रमुखांच्या समोरच पाठात दाखवून देतो, चूक कुणाची ते."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. शुक्रवारी पाहुणी म्हणून गावच्या सरपंच कस्तुराबाई येणार होत्या. कस्तुराबाईंचं प्रकरण सगळ्या खैरपिंपळ्याला ठाऊक आहे. त्या सरपंच म्हणून थेट निवडून आल्या, पण सदस्य निम्म्याहून जास्त समोरच्या पॅनलचे. तीन वर्षं त्यांची आणि सदस्यांची जुंपलेली आहे. समोरची माणसं पारावर बसून हेच म्हणतात, की सरपंच आम्ही निवडायचा असता तर बाई दिसली नसती. आता त्या बाईंच्या तोंडावर, वर्गात, फळ्यावर, सर लिहिणार की सरपंचाला सदस्य निवडतात. सर चुकले असं गाव म्हणणार नाही. सर समोरच्या पॅनलला मिळाले, असं म्हणेल. मग मे महिन्यातला निरोप समारंभ निम्मं गाव घरूनच साजरा करेल.

"सर, सूची बरोबर आहे," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही गणित बघा."

"गणितच बघतेय. हे बघा, वरच्या तेरात एक, खालच्या तेरात आठ."

त्यांनी तक्ता हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. "म्हणजे खालच्यांनी कॉपी केली."

"कुणाची सर? वरच्यांना तर आलेलं नाही."

यावर स्टाफरूममध्ये कुणीतरी हसलं. ते मला परवडणारं नव्हतं. सरांचा चेहरा लाल झाला.

"शिवलीलाबाई, सरपंचाचा कायदा मला शिकवू नका. आधी सदस्य निवडायचे, मी सदस्य शिकवलं. सतरा साली थेट जनतेतून झालं, मी त्याच आठवड्यात शिकवणं बदललं. मग सरकार बदललं, वीस साली परत सदस्यांतून झालं, मी परत बदललं. अख्ख्या तालुक्यात दोनदा बदलणारा मी एकटा असेन. बाकीचे अजून जुनंच रेटत होते."

"आणि बावीस साली?"

"बावीस साली काय?"

"परत थेट झालं सर. जुलैत. परत सरकार बदललं तेव्हा."

बावीसच्या जुलैत सर सोलापुरात दवाखान्यात होते. हृदयाची बंद पडलेली नळी उघडली होती. त्यानंतर त्यांना निवडणुकीच्या ड्यूटीतून डॉक्टरांच्या कागदावर सूट होती. पेपर वाचायचं डॉक्टरांनी बंद केलं नव्हतं, पण घरच्यांनी केलं होतं, कारण पेपर वाचून ते चिडायचे. आणि मत म्हणाल तर त्यांचं नाव परंड्याच्या नगरपरिषदेच्या यादीत. तिथं सरपंच नसतोच. घरभाडं मिळावं म्हणून कागदावर मात्र आम्ही सगळेच शिक्षक खैरपिंपळ्यात मुक्कामी राहतो. दरवर्षी ग्रामसभा तसा ठराव करते, आणि संध्याकाळी साडेपाचला ग्रामसभेच्या डोळ्यांसमोरून आमच्या जीपा निघतात.

"तुम्ही म्हणता म्हणून मी मानू?" सर म्हणाले. आवाज मात्र खाली आला होता.

मला खरं तर राग आला होता. चौतीस वर्षांचं काय कौतुक, तीन वर्षं चुकीचं शिकवलंय की. पण तक्ता त्यांनी परत केला नव्हता, बोट चौदाव्यावरच होतं. मी म्हटलं, "माझं नका मानू. सोनालीला बोलवा."

सोनाली वर्गात पहिली. चाचणीत वीसपैकी अठरा. आणि कस्तुराबाईंची नात. ती आली, हाताची घडी घालून उभी राहिली.

"चौदावा काय लिहिलास?" सरांनी विचारलं.

"सदस्य, सर."

"तुझ्या आजीला कुणी निवडलं?"

"गावानं."

"तुला कसं माहीत?"

"आजीसोबत मी फिरले होते ना मतं मागायला. सगळ्या गल्ल्यांत."

"मग सदस्य का लिहिलं?"

सोनालीला प्रश्न विचित्र वाटला. तिनं माझ्याकडं बघितलं, बाईंनी तरी काही समजावून सांगावं म्हणून. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं ना सर. परीक्षेत तुमचं लिहायचं. घरचं घरी."

सरांनी मान हलवली. तिला जा म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "खालच्यांतला एक बोलवा." मल्लेशला बोलावलं. मल्लेशला चाचणीत वीसपैकी पाच, त्यातला एक हा. आण्णासाहेबांच्या लाल रेघेखाली पहिलंच नाव त्याचं.

"मतदार का लिहिलंस रे?"

मल्लेशला वाटलं चुकलं. "सर, तुमचं टिपण मला काय आठवलंच न्हाई," तो म्हणाला. "मग आमच्या घरी समद्यांनी कस्तुराकाकूला मत दिलं हुतं, ते लिवलं. पुन्यांदा पाठ करतो सर."

"नको," सर म्हणाले. "पाठ करू नको."

मल्लेश बोलत असतानाच आण्णासाहेब स्टाफरूममध्ये येऊन बसले होते. तो गेल्यावर ते खुर्ची सरकवत म्हणाले, "असं करू, बब्रुवान सर. नमुना पाठ नवव्यावर घ्या. पंचायत समिती. कुणाचं काही दुखणार नाही. चौदावा आपण विश्लेषणातून वगळू. शिवलीलाबाई, तो रकाना काढता येईल ना?"

मी म्हटलं, "काढता येतो. पण मी काढणार नाही." इथं माझा आवाज चढला होता, मान्य आहे. दोन संध्याकाळी बसून मी ते रकाने भरले होते.

सर म्हणाले, "काढू नका. पाठ चौदाव्यावरच होईल."

मला वाटलं, सर अजून हट्टाला पेटलेत. शुक्रवारपर्यंत जीपमध्ये आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. ते खिडकीपाशी बसायचे, मी मधे, आणि सोनारीला जाणारे भैरवनाथाचे भाविक आमच्यात नारळाच्या पिशव्या कोंबायचे.

शुक्रवारी केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक आले. सहावीच्या वर्गात मागं खुर्च्या टाकल्या, पुढं पोरं. विस्तार अधिकारी सिद्धेश्वर साहेब आणि केंद्रप्रमुख पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी कस्तुराबाई, इरकली लुगडं, डोक्यावर पदर. मी तक्ता मांडला. वरची तेरा, खालची तेरा, उणे शून्य पूर्णांक चोपन्न. साहेबांना उणे समजलं नाही पण त्यांनी लिहून घेतलं. मग सर उठले. नवा शर्ट आकाशी होता आणि खांद्यात थोडा सैल झाला होता.

त्यांनी फळ्यावर प्रश्न लिहिला, चारही पर्याय लिहिले.

"पोरांनो," ते म्हणाले, "या प्रश्नाचं उत्तर मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. आधी ते बरोबर होतं. बावीस साली कायदा बदलला, आणि मला कळलं नाही. ज्यांनी माझं नीट ऐकलं त्यांचा मार्क गेला. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचा राहिला. बरोबर उत्तर मतदार. लिहून घ्या."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. वाटलं, झालं, सुटलो. पोरांनी लिहून घेतलं. मागं शिक्षकांमध्ये चुळबुळ झाली, केंद्रप्रमुख मान हलवून हसले, आण्णासाहेबांनी टाळी वाजवायला हात वर केले.

सर थांबले नाहीत. "सोनाली, आता परीक्षेत काय लिहिशील?"

"मतदार, सर."

"का?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

आण्णासाहेबांचे हात तसेच राहिले. सर खडूकडं बघत उभे राहिले. तेव्हा माझ्याही लक्षात आलं. आम्ही इतका वेळ फक्त उत्तर बदलत होतो, सर सांगतील ते लिहायची सवय तशीच होती.

"खोडा," सर म्हणाले. "सगळ्यांनी खोडा आत्ता लिहिलेलं. सोनाली, ऊठ. मागं आजी बसलीय. तिला विचार तिला कुणी निवडलं. मला विचारू नको."

सोनाली लाजली. सगळ्यांसमोर आजीला काय विचारायचं. पण सरांनी सांगितलं होतं, म्हणून गेली. "आजी, तुला कुणी निवडलं?"

कस्तुराबाईंनी पदर सारखा केला. भाषण करायची त्यांना सवय नाही आणि खोटं मऊ करून सांगायचीही नाही.

"गावानं निवडलं," त्या म्हणाल्या. "सदस्य तर निम्म्याच्या वर माझ्या इरुद्ध हायेत. त्यांच्या हातात असतं तर म्या आज ज्वारीत खुरपत बसले असते. सरपंचाचं बटण येगळं हुतं. लोकांनी दाबलं, म्या झाले." मग त्या सरांकडं वळल्या. "सर, राग धरू नका, पर तुमी गावात राहिला असता तर तुमाला बी बटण दाबाया मिळालं असतं. मग चुकलं नसतं. ठरावात तर तुमी इथंच राहता. म्याच सही करते."

खुर्च्यांवर चाळीस शिक्षक बसले होते आणि चाळीसही जण ठरावात कुठल्या ना कुठल्या गावात राहत होते. विस्तार अधिकारी सिद्धेश्वर साहेब पेनचं टोपण शोधायला खाली वाकले. टोपण पेनलाच होतं. माझ्या शेजारची बाई माझा हात दाबून म्हणाली, "आता काय हो?" मी म्हटलं, "गप बसा."

असल्या वेळी काय म्हणायचं ते सगळ्यांना पाठ असतं. म्हणायचं, की बाई, अनौपचारिक गप्पा नंतर. सर तसं म्हणाले असते तर कुणीही त्यांना नावं ठेवली नसती, उलट चाळीस जणांनी मनात आभार मानले असते.

"खरं आहे," बब्रुवान सर म्हणाले. "मी परंड्यात राहतो. चौतीस वर्षं इथं शिकवतो आणि या गावात एकही रात्र राहिलेलो नाही. पोरांनो, माझं चुकायचं कारण ते आहे. कायदा बदलला हे एक झालं. पण तुमच्या घरादारात जे घडलं ते मला कळलं नाही, हे त्याच्याहून मोठं."

साहेब अजून खालीच वाकलेले होते. वर येऊन ते काय बोलणार, हे त्यांनाही ठरवता येत नसावं. शेवटी वर येऊन म्हणाले, "पाठ चालू ठेवा," आणि वहीत काहीही लिहिलं नाही. सरांनी पाठ चालू ठेवला. प्रत्येक पोराला सांगितलं, सोमवारी उत्तर लिहायचं आणि त्याखाली हे तुला कुणाकडून कळलं ते लिहायचं. सरांकडून असं लिहिलं तर अर्धा मार्क.

जादा तासाची लाल रेघ आण्णासाहेबांनी स्वतःच खोडली. आता तास पोरांवरून न ठरता प्रश्नांवरून ठरले. नववा सगळ्यांना परत, सतराव्यासाठी पोरांनी ग्रामसभेला जाऊन मागं बसून बघायचं, मतदानाचं वय फक्त त्या एकाला. चौदाव्याला वरची चुकलेली बारा पोरं एका बाजूला आणि त्यांना शिकवायला खालची आठ. मल्लेशनं सोनालीला शिकवलं. शिकवताना तो तिच्यावर सरांसारखाच खेकसला, "माझ्याकडं बघ."

सोमवारी परत तेच विचारलं, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस जणांना आलं. मी तक्त्यात भरलं. काठिण्यमूल्य शंभर, भेदनमूल्य शून्य. ज्याचं उत्तर सगळ्यांना येतं तो प्रश्न परीक्षेच्या कामाचा राहत नाही. मी सरांना तसं सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, मी हे किती वर्षं शिकवलं?"

"बावीसच्या जुलैपासून धरा. ही सहावी चौथी."

"म्हणजे आताची सातवी, आठवी, आणि नववीला गेलेली." त्यांनी बोटं मोजली नाहीत, आधीच मोजून ठेवलं असावं. "आणि त्यातली ज्यांनी ऐकलं ती. चांगली चांगलीच पोरं गेली हो माझ्या हातून."

मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, फार वाटलं.

मंगळवारी त्यांनी सातवीवर एक तास मागून घेतला, बुधवारी आठवीवर. नववीचा वर्ग आमच्या शाळेत नाही, खैरपिंपळ्याची पोरं नववीला परंड्याच्या हायस्कुलात येतात. गुरुवारी शाळा लवकर सुटली आणि जीपमधून उतरून मी भाजी घ्यायला वळले तर सर घरच्या रस्त्याला न जाता हायस्कुलाच्या गेटकडं चालले होते. हायस्कूल सुटायला अजून वेळ होता. मला वाटलं पाहुण्याचं एखादं पोर घ्यायला चालले असतील. भाजी घेऊन परत येते तर सर गेटपाशी उभे, आणि सुटलेल्या गर्दीतून खैरपिंपळ्याची पोरं हुडकून काढून एकेकाला बाजूला घेतायत.

शिवप्रिया नावाची एक मुलगी होती, आमच्याकडं सहावीत पहिली यायची. ती सायकल धरून उभी होती आणि सर तिला काहीतरी सांगत होते. मी जवळ गेले. सांगून झालं होतं. शिवप्रियानं नीट ऐकून घेतलं, अगदी पूर्वी ऐकायची तसंच, आणि दप्तरातून पेन काढला.

"बरं सर," ती म्हणाली. "मग आता काय लिहायचं?"

सर तिच्या पेनाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "लिहू नको. घरी जा आणि आईला विचार, सरपंचाचं बटण तिनं दाबलं होतं का." ती बरं म्हणून सायकलवर बसली. सरांनी पुढच्या पोराला हाक मारली.